पहिला भाव सांगताना

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाने ठरवलं, की उडदाचे पापड घरोघरी विकत बसण्यापेक्षा तालुक्याच्या किराणा दुकानात द्यायचे. पण शेठजींशी भाव ठरवायला जाणार कोण? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी जिचा हिशोब पक्का, तिलाच पाठवायचं ठरलं. आणि ही आमची ताई इतकी बुजरी, की एस.टी.त कंडक्टरकडे उरलेले सुटे पैसे मागायचे राहिले तरी तशीच उतरून जाते. तिची तयारी आम्ही कशी केली, ते आज सांगतो.

आधी हिशोब केला. डाळ, पापडखार, तेल, पिशव्या आणि आमची मजुरी धरून किलोला २१० रुपये पडत होते. मागायचे २६० आणि २३५ च्या खाली यायचं नाही, असं ठरलं. २६० चा आकडा तिच्या हातातल्या कागदावर लिहिला. २३५ चा मात्र कागदावर लिहिला नाही, कारण गल्ल्यावर कागद उघडला की समोरच्यालाही तो वाचता येतो!

मग सुरुवातीची वाक्यं बसवली. सगळं बोलणं पाठ करू नका. मधलं एक वाक्य विसरलं की पुढचं सगळंच अडतं. आम्ही फक्त पहिली तीन वाक्यं पाठ करून घेतली. "नमस्कार शेठ, आमच्या गटाचे पापड दाखवायला आणलेत. महिन्याला ४० किलो देऊ शकतो. भाव किलोला २६० रुपये." एवढं बोलून तोंड मिटायचं.

हे मिटणंच सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या तालमीत ताई २६० म्हणाली आणि समोरची काही बोलायच्या आतच, "पण तुम्हाला जास्त वाटत असेल तर थोडं कमी करू," असंही म्हणून गेली. शांतता सहन होत नाही, म्हणून आपण आपलाच भाव पाडतो. मग भाव सांगितल्यावर तिने मनात पाच आकडे मोजायचे, असं ठरवलं. दहाएक वेळा केल्यावर जमलं.

शेठ कोणाला करायचं? प्रेमळ मैत्रिणीला करून उपयोग नाही, ती लगेच हो म्हणते. आम्ही ताईच्या सासूबाईंना बसवलं. त्यांनी पापड हातात घेऊन नाक मुरडलं आणि "हे तर जाडे आहेत," म्हणाल्या. आम्ही दोघी मध्येच साखर मागायला गिऱ्हाईक म्हणून शिरलो. तालीम उभ्यानेच घेतली, कारण दुकानात आपल्याला बसायला कोण देतं? अडकल्यावर म्हणायचं एक वाक्यही दिलं, "गटात विचारून उद्या सांगते." ते खरंही होतं आणि विचार करायला वेळही मिळतो.

आता छातीतल्या धडधडीचं. श्वास नाकाने चार आकडे मोजत घ्यायचा आणि सहा मोजत हळूहळू सोडायचा. सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके थोडे सावकाश होतात. असं तीन मिनिटं करायचं. जोरजोरात, भराभर श्वास घेतलात तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तसं झालं तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या. आणि हे पहिल्यांदा दुकानाच्या पायरीवर करू नका. ताईने आठवडाभर रोज चुलीपाशी केलं होतं. धडधड पूर्ण थांबत नाही बरं का. पहिली तीन वाक्यं तोंडातून निघण्यापुरती कमी झाली, की काम झालं.

त्या दिवशी ताई सकाळचा दुसरा चहा न घेता गेली. बाहेर लिंबाखाली श्वास केला, घोटभर पाणी प्यायली. हात थरथरत होते, म्हणून पापडाचं पाकीट आधीच गल्ल्यावर ठेवलं. तरी गडबड झालीच. ४० किलोचं वाक्य राहिलं आणि ती एकदम भावावर आली. शेठ म्हणाले, "दुसरे २०० ला देतात." ताईने पाच मोजले. मग कागद बघून राहिलेलं वाक्य बोलली, "महिन्याला ४० किलो देऊ शकतो." शेठने पापड उजेडाकडे धरला, एक भाजून मागितला आणि २२५ म्हणाले. तिने ठरलेलं वाक्य म्हटलं आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी ती गेली, तेव्हा २४० वर ठरलं, पैसे १५ दिवसांनी. उधारीचं आम्ही तालमीत घेतलंच नव्हतं, ती आमची चूक. ताईने ते तिथेच, आपल्या मनाने, महिन्यावरून १५ दिवसांवर आणलं. पुढच्या महिन्यात मिरची पूड घेऊन जायची आहे. या खेपेला शेठ व्हायला सासूबाई स्वतःहून तयार आहेत.