एकच हत्ती आणि चार दप्तरे



अजिंठ्याच्या डोंगरापासून फार लांब नसलेल्या आमच्या या लहानशा गावी आपण प्रवासाची दगदग सोसून आलात, याबद्दल स्वागतमंडळाच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. आणि धर्मशाळेच्या खोल्या अरुंद आहेत व पाणी आडातून शेंदून आणावे लागते, या दोन उणिवांची कबुली आपण तक्रार गुदरण्यापूर्वीच देऊन टाकतो. तीस वर्षे दिवाणी कज्जे चालविलेल्या माणसास 'एकाच स्वप्नाचे अर्थ भिन्न धर्मांचे लोक भिन्न का लावतात' या विषयाच्या परिषदेचे स्वागताध्यक्षपद का द्यावे, असा प्रश्न पडला तर तो रास्तच आहे. माझे उत्तर एवढेच, की एकच जबानी दोन निराळ्या कायद्यांखाली वाचली म्हणजे तिचे दोन निराळे निकाल कसे होतात, हे पाहण्यातच माझे आयुष्य गेले आहे. त्याच सवयीने आज मी आपल्यापुढे एकच स्वप्न रुजू करतो: हत्तीचे.

बौद्ध परंपरेत मायादेवीला सहा सुळ्यांचा श्वेत हत्ती आपल्या कुशीत शिरताना दिसला, आणि राजाने बोलाविलेल्या ब्राह्मणांनी निर्वाळा दिला, की होणारा पुत्र घरी राहिल्यास चक्रवर्ती होईल आणि घर सोडल्यास बुद्ध होईल. आपल्या पुराणांतील स्वप्नाध्यायांतही हत्तीवर आरोहण करणे हे पर्वतावर, प्रासादावर किंवा वृषभावर चढण्याच्या पंक्तीला बसविलेले असून, त्याचे फल ऐश्वर्य व मानसन्मान असे सांगितले आहे. ज्या देशात राजा हत्तीवरून मिरवीत असे आणि लक्ष्मीला हत्ती अभिषेक करतात, तेथे याहून दुसरा अर्थ निघाला असता तरच नवल.

आता हाच हत्ती अरबस्तानात नेऊ. बसऱ्याचे मुहम्मद इब्न सीरीन हे इसवी सन 728 मध्ये निवर्तले. त्यांच्या नावावर चालणारे स्वप्नफलाचे ग्रंथ पुढील शतकांत संकलित झाले असले, तरी त्या परंपरेचा कौल त्यांत स्पष्ट दिसतो. त्या परंपरेत हत्ती म्हणजे बहुधा परका, अरबेतर, बलाढ्य राजा. आणि युद्धात हत्तीवर बसल्याचे स्वप्न पडले तर तो पराभवाचा इशारा होय. याचे कारण हत्तीच्या अंगी नाही, ते स्मृतीत आहे: काबेवर चाल करून आलेल्या अब्रहाच्या फौजेत हत्ती होता, त्या फौजेचा सत्यानाश झाला आणि ती हकीकत कुराणाच्या एका सूरेत कायमची नमूद झाली. जो मुसलमान ही सूरा लहानपणापासून मुखोद्गत म्हणत आला, त्याला स्वप्नातील हत्तीवर अंबारी दिसण्याऐवजी उद्ध्वस्त झालेली सेना दिसली, तर त्यात त्याच्या बुद्धीचा दोष कोणता?

उलट बाजूही तपासून पाहावी, म्हणजे पक्षपात केल्याचा आरोप येणार नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, जो स्वप्नात कुत्रे, उंट किंवा गाढव यांच्यासह दक्षिणेकडे जातो, त्याला राजयक्ष्म्याने मरण येईल असे म्हटले आहे. दक्षिण ही यमाची दिशा, आणि आर्यावर्ताच्या वैद्याला उंट हे गाढवाच्या जोडीचे अमंगल वाहन वाटले. तोच उंट अरबी दप्तरात पाहिला तर त्यावर बसणे म्हणजे सरळ प्रवास. कारण तेथे उंटावाचून प्रवासच नव्हता. यावरून दिसते, की स्वप्नातील पशूला अर्थ देणारे पुरावे दोन ठिकाणांहून येतात: त्या प्रदेशाच्या रोजच्या व्यवहारातून आणि त्या समाजाने पिढ्यान्पिढ्या पाठ केलेल्या कथांतून.

परंतु श्रोतेहो, येथेच निकाल देऊन मोकळे होऊ म्हटले, तर मुकदमा अर्धाच चालविल्यासारखे होईल. कारण धर्म एक असूनही अर्थ दोन निघतात. श्वेतांबर जैनांच्या कल्पसूत्रातील कथा पाहा. महावीरांचा गर्भ प्रथम देवानंदा या ब्राह्मणीच्या उदरी होता, तेव्हा तिने हत्ती, वृषभ, सिंह इत्यादी चौदा स्वप्ने पाहिली. आणि तिचा पती ऋषभदत्त याने सांगितले, की पुत्र चारही वेदांत व गणितादी शास्त्रांत पारंगत होईल. पुढे इंद्राच्या आज्ञेने तो गर्भ त्रिशला राणीच्या उदरी नेण्यात आला, तिनेही तीच चौदा स्वप्ने पाहिली, आणि तिचा पती क्षत्रिय सिद्धार्थ म्हणाला, की पुत्र पराक्रमी राजा होईल. स्वप्नात तिळमात्र फरक नसताना ब्राह्मणाला त्यात पंडित दिसला व क्षत्रियाला राजा. दुसऱ्या दिवशी स्वप्नपाठकांना पाचारण केले, तेव्हा त्यांनी चक्रवर्ती किंवा जिन, असा तिसराच अर्थ काढला. दिगंबर परंपरा तर हे गर्भांतर मानीतच नाही, आणि तिच्या गणनेत स्वप्ने सोळा आहेत.

इब्न सीरीन यांच्याविषयी सांगितली जाणारी एक आख्यायिका याहूनही बोलकी आहे. दोन माणसे त्यांच्याकडे आली. आपण अजान देत आहोत, असे स्वप्न दोघांनाही पडले होते. एकाला त्यांनी सांगितले, 'तू हजला जाशील'. दुसऱ्याला सांगितले, 'चोरीपायी तुझा हात तोडला जाईल.' शिष्यांनी आश्चर्याने कारण विचारले. पहिल्याच्या चर्येवर सद्वर्तन दिसले, म्हणून गुरूंना लोकांत हजची दवंडी पिटण्याविषयीचे कुराणवचन आठवले होते. दुसऱ्याची चर्या तशी नव्हती, म्हणून त्यांना युसुफाच्या कथेतील, तांड्याला चोर म्हणून पुकारणारा माणूस आठवला होता. धर्मग्रंथ एकच, पण त्यातील कोणते कलम लागू करावयाचे, हे स्वप्न पाहणाऱ्याच्या शीलावरून ठरले.

आणखी एक गोष्ट आमच्या वकिली नजरेला विशेष मोलाची वाटते. प्रत्येक स्वप्न सुनावणीस घ्यावेच, असे हे जाणते कधीच म्हणत नाहीत. चरकाने स्वप्नांचे सात प्रकार करून पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले व कल्पिलेले, हे पाच निष्फळ म्हणून दारातूनच परत पाठविले. आणि आमच्या घरोघरी 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' म्हणणाऱ्या वृद्धांनी चरक न वाचता तेच केले. हदीसांतही ईश्वराकडून येणारे, सैतानाकडून येणारे आणि मनाच्या स्वतःच्या घोळातून उठणारे, अशी तिहेरी विभागणी आहे. म्हणजे अर्थाविषयी ज्यांचे जमत नाही, त्यांचे छाननीविषयी बरेचसे जमते.

म्हणून व्याख्यात्यांना माझी नम्र विनंती आहे, की 'अमुक धर्म या स्वप्नाला शुभ मानतो' एवढे सांगून थांबू नये. त्या परंपरेने ते स्वप्न मुळात दाखल करून घेतले होते काय, अर्थ लावणाऱ्यापुढे कोणती कथा होती, आणि पाहणारा कोण होता, हे तिन्ही खुलासे आम्हांस द्यावेत.

उद्या सकाळी आपण अजिंठ्यास जाणार आहोत. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मायादेवीचे स्वप्न रंगविले आहे. पण चित्रकार तेवढ्यावर थांबला नाही, त्याने राजाराणीपुढे बसून त्या स्वप्नाचा अर्थ सांगणारे ब्राह्मणही रंगविले. दिव्याचा उजेड प्रथम हत्तीकडे वळेल हे स्वाभाविकच आहे. तो थोडा बाजूला सरकवून त्या अर्थ सांगणाऱ्यांकडेही पाहावे, एवढे सुचवून मी आपले पुन्हा एकवार स्वागत करतो आणि सभेची सूत्रे अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करतो.