दोन त असलेला शब्द

श्रोतेहो, आज एका शब्दाची गोष्ट सांगतो. तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा चौथीत होतो. साल 1980. दिवाळीची सुटी नुकतीच संपली होती. औसा तालुक्यातलं आमचं गाव तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं; लातूर जिल्हा वेगळा झाला तो 1982 साली. शाळा दोन गुरुजींची. त्यातले एक विषमज्वराने अंथरुणाला खिळले, म्हणून तालुक्याहून दुसरे गुरुजी महिनाभरासाठी कामगिरीवर आले. एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि डोळ्यांवर जाड चष्मा. शाळेच्याच एका खोलीत ते राहत.

पहिल्याच दिवशी त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, मोठेपणी काय करणार? पाटलाच्या मुलाने सांगितलं, शेती. सुताराच्या मुलाने सांगितलं, सुतारकाम. मी सांगितलं, कापूस पिंजणार. कोणी हसलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ज्याच्या घरी जे होतं तेच त्याने सांगितलं होतं. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग फळ्याकडे वळून त्यांनी एक लांबलचक शब्द लिहिला: महत्त्वाकांक्षा.

तो कोणालाच धड म्हणता येईना. मग त्यांनी शेंग सोलावी तसा तो सोलून दाखवला. महत् म्हणजे मोठं. त्याला 'त्व' लागला की मोठेपण, म्हणजे महत्त्व. आकांक्षा म्हणजे मनापासूनची इच्छा. महत्त्वचा शेवटचा अ आणि आकांक्षाचा आ मिळून एक आ होतो. "महत्मध्ये एक त, त्वमध्ये एक त. म्हणून इथे दोन त. एक गाळलात तर शब्द लंगडा होईल," ते म्हणाले. मला अर्थापेक्षा ते दोन त आवडले. दिवसभर पाटीवर तेच गिरवत बसलो.

आम्ही पिंजारी. अब्बा गाद्या, लेपा, उशा भरून देत. संध्याकाळी काम संपत आलं की ते विचारायचे, "आज क्या सीका?" घरात आमची दखनी बोली, शाळेत मराठी. मी मोठ्या ऐटीत तो शब्द म्हणून दाखवला. अब्बांनी विचारलं, "मतलब?"

आता आली पंचाईत. मनापासूनची इच्छा म्हणजे हौस, एवढं मला कळत होतं. पण हौसेला घरच्या बोलीत काय म्हणायचं? कानाला सर्वांत जवळचा वाटला तो शब्द मी देऊन टाकला. म्हणालो, "हवस, अब्बा. मास्तर बोले, आदमी कू बडी हवस होना."

अब्बांचा हात थांबला. श्रोतेहो, मराठीतली हौस आणि उर्दूतली हवस मुळात एकच. अरबीतून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आलेला तो शब्द. पण मराठीत येऊन तो लाडका झाला. आपण हौसेने साडी घेतो, हौसेने पुरणपोळी करतो. उर्दूत मात्र हवस म्हणजे हाव, वासना. हे मला कळायला पुढे पुष्कळ वर्षं गेली. त्या संध्याकाळी एवढंच कळलं की काहीतरी चुकलं आहे. अब्बा इतकंच म्हणाले, "कल से स्कूल नक्को."

दोन दिवस मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गुरुजी स्वतःच आमच्या दारात आले. अब्बा कापूस पिंजत होते. पिंजणाची तात कापसावर धरून तिच्यावर लाकडी ठोकळ्याचा मार दिला की ती थरथरते आणि कापसाच्या गाठी उकलून तंतू मोकळे होतात. तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. अब्बांनी गुरुजींना बसायला पोतं दिलं आणि सरळ विचारलं, "मास्तर, तुमी पोराला हवस शिकवता?"

गुरुजींना आधी समजेना. समजलं तेव्हा ते हसले नाहीत, हे मला अजून आठवतं. त्यांनी शब्द पुन्हा सोलून सांगितला. अब्बांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोठं व्हायचं म्हणता. पण कुणापेक्षा मोठं?"

गुरुजींना लगेच उत्तर देता आलं नाही. ते समोरच्या ढिगाकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "जुन्या गादीतला दबलेला कापूस तुम्ही पिंजता, तेव्हा त्याचं वजन वाढतं का?"

"वजन कसं वाढेल? उलट कचरा-धूळ जाऊन पावशेर कमीच भरतो."

"मग वाढतं काय?"

"फुलतो. मोकळा होतो."

"मला तेच म्हणायचं होतं," गुरुजी म्हणाले. "कुणापेक्षा मोठं नाही. आहे तोच, पण मोकळा."

अब्बा जरा वेळाने म्हणाले, "जास्त पिंजला तर तुटतो बी, मास्तर. तंतू बारीक होऊन त्याची धूळ होते. मग ती गादी चार महिन्यांत बसते."

"म्हणूनच तुम्हाला विचारायला आलो," गुरुजी म्हणाले. त्यांना मला स्कॉलरशिपला बसवायचं होतं. ती परीक्षा तेव्हा चौथीला असे. आमच्या शाळेतून आधी कोणी बसलं नव्हतं. अब्बांनी फीचे पैसे विचारले, परीक्षेचा महिना विचारला आणि होकार दिला.

परीक्षा फेब्रुवारीत होती. तोवर कामगिरी संपून गुरुजी निघूनही गेले होते. नेमक्या त्याच दिवशी एका लग्नघरच्या दोन गाद्या आणि चार उशा भरून द्यायच्या होत्या. लगीनसराईचं काम, त्यावर आमचे दोन महिने निघत. एकाने कापूस पसरायचा, दुसऱ्याने दाभणाने टाके घालायचे. एकट्याने ते वेळेत होणारं नव्हतं. अब्बांनी काम सोडून दिलं आणि पहाटे मला घेऊन औशाला चालत निघाले. ते काम शेजारच्या गावच्या पिंजाऱ्याने केलं. पुढच्या वर्षीपासून ते घर आमच्याकडे आलंच नाही.

निकाल लागला. यादीत माझं नाव नव्हतं. मी रडत घरी आलो. अब्बांनी विचारलं, "वो लफ्ज याद है?" मी म्हणालो, हो. "लिख के दिखा." त्यांना वाचता येत नव्हतं. मी पाटीवर लिहिलं. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "दो त किधर हैं?" मी दाखवले. "ठीक है," म्हणाले आणि कामाला लागले. शाळा सुटली नाही, ती त्या 'ठीक है'मुळे.

पुढे बी.ए.ला असताना तो शब्द पुन्हा भेटला, अर्धाच. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी वाक्याची एक अट सांगितली आहे, तिचं नाव आकांक्षा. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' असे शब्द नुसते ओळीने ठेवले तर वाक्य होत नाही, कारण त्यातल्या कोणालाच दुसऱ्याची गरज नाही. 'गाईला' म्हटलं की मन विचारतं, काय? 'बांध' म्हटलं की ते पुरं होतं. एका शब्दाला दुसऱ्याची लागलेली ओढ म्हणजे आकांक्षा.

त्या तासाला मला अब्बांचा प्रश्न आठवला: कुणापेक्षा मोठं? माझी ओढ पुरी व्हावी म्हणून एका माणसाने हातचं काम सोडलं होतं आणि दुसरा एक माणूस आमच्या दारात पोत्यावर येऊन बसला होता. त्या दोघांविना माझा शब्द नुसता ओळीत उभा राहिला असता.

आता पुष्कळ जण हा शब्द एकाच त ने लिहितात. माझ्याकडे कवितेच्या वह्या घेऊन येणारी मुलंही तसंच लिहितात. मी दुसरा त घालून देतो आणि विचारतो, घरी कोणाला या शब्दाचा अर्थ सांगितलास का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)