बंबाखालची राख आणि पाचवीतली व्याख्या

पाचवीतली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. चाचणी जवळ आली आहे. पुढे-मागे झुलत ती एकच वाक्य घोकते आहे : ‘हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशात, हरितद्रव्याच्या उपस्थितीत, कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून अन्न तयार करतात, या क्रियेस प्रकाशसंश्लेषण म्हणतात.’ एक शब्दही चुकत नाही. शेजारी लाल माठ निवडत बसलेली मावशी सहज विचारते, “उपस्थितीत म्हणजे गं काय?”

“हजर असणं. वर्गात असतो तसं.”

“मग हरितद्रव्य नुसतं हजर राहून करतं काय?”

घोकणं थांबतं.

व्याख्येत चूक काहीच नाही. पण ती एका प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तो प्रश्न मुलीला कुणी विचारलेलाच नाही. म्हणून मावशी पुस्तक मिटते आणि तिला मागच्या अंगणात नेते. तिथे पाणी तापवायचा तांब्याचा बंब आहे. सकाळी त्यात टोपलीभर लाकूड घातलं होतं, आता खाली ओंजळभर राख आहे.

“बाकीचं लाकूड कुठं गेलं?”

“जळून हवेत गेलं.”

“आणि झाडात आलं कुठून होतं?”

“मातीतून,” मुलगी चटकन सांगते. बरीच मोठी माणसंही हेच सांगतात. पण मग मुलगीच अडखळते. वडाएवढं झाड मातीतून आलं असेल, तर त्याच्याखाली वडाएवढा खड्डा पडायला हवा. तो तर नसतो!

ही शंका जुनी आणि फार मोलाची आहे. सतराव्या शतकात ब्रसेल्सजवळ राहणाऱ्या यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट या वैद्याने ती तराजूवर तोलली. त्याने कुंडीत 200 पौंड कोरडी माती भरली, त्यात 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं सुमारे 169 पौंड, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तर ती जेमतेम दोन औंसांनी कमी. म्हणजे आपल्या मापात झाड पंचाहत्तर किलोंच्या आसपास वाढलं आणि माती घटली एका मुठीहून कमी. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं. 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, हे छापलं गेलं. तो अर्धा बरोबर होता. ‘गॅस’ हा शब्द भाषेला देणारा हाच माणूस, पण कुंडीभोवतीची हवा काही त्याने हिशेबात धरली नाही.

दहा वर्षांच्या मुलीला ही गोष्ट सांगितली की व्याख्येतला सगळ्यात अवघड भाग आपोआप सुटतो. बंबातून जे हवेत गेलं, ते आलंही बहुतेक हवेतूनच. उरलेली राख म्हणजे झाडाने मातीतून उचललेले क्षार. हवेत कार्बन डायऑक्साइड फार थोडा असतो, दहा हजार वाट्या हवेत चार वाट्या आणि वर थोडासा. पानांच्या बारीक छिद्रांतून तो आत शिरतो. मुळांनी ओढलेलं पाणी खालून येतं. या दोघांची मिळून साखर होते. ‘अन्न’ या शब्दाच्या जागी ‘साखर’ म्हटलं की मुलीच्या डोळ्यांसमोरून भाजी-भाकरीचं ताट जातं, आणि खत म्हणजे झाडाचं जेवण हा गैरसमजही सैल होतो. त्या साखरेपासूनच झाड पुढे लाकूड, पानं, फळं घडवतं, आणि उरलेली स्टार्चच्या रूपात साठवतं.

ऊन मात्र साखरेत पडत नाही. इथे उपमा जपून वापरावी लागते. पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, असं सांगायची पद्धत आहे. ती पहिल्या पावलाला उपयोगी पडते, पण मूल मग ऊनही पिठामिठासारखा जिन्नस समजतं. ऊन हा जिन्नस नाही, तो जोर आहे. पाण्याचा कण फोडायला हा जोर लागतो. फुटलेल्या पाण्यातला ऑक्सिजन झाड बाहेर सोडतं आणि हायड्रोजन साखरेसाठी ठेवतं. शिवाय आपल्या शेगडीची उष्णता स्वयंपाक झाल्यावर निघून जाते, पानातला उन्हाचा जोर साखरेत बांधलेला राहतो. मावशी म्हणते, “सकाळी तुझं अंघोळीचं पाणी तापलं ना, ते कित्येक वर्षांपूर्वीच्या उन्हाने.” मुलगी बंबाकडे पुन्हा एकदा नीट बघते.

राहिलं हरितद्रव्य. ते ऊन पकडतं. पण हे ऐकून पटण्यापेक्षा पाहून पटलेलं बरं. घरात पांढरे-हिरवे पट्टे असलेलं मनी प्लांट आहे. कुंडी तीन दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवायची, म्हणजे पानातला जुना स्टार्च झाड वापरून टाकतं, कारण श्वास ते रात्रंदिवस घेतच असतं. मग एक पान लगेच तोडायचं, आणि कुंडी पाच-सहा तास उजेडात ठेवून दुसरं. दोन्ही पानांचे पट्टे कागदावर गिरवून घ्यायचे. पानं उकळत्या पाण्यात काही मिनिटं बुडवायची, मग गॅस बंद करून, स्पिरिटची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून तिच्यात सोडायची. हे काम मोठ्या माणसाचंच, स्पिरिट भपकन पेट घेतं. हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरला की पान फिकट आणि कडक होतं. ते कोमट पाण्यात मऊ करून त्यावर पातळ केलेलं आयोडीन टाकायचं. स्टार्च असेल तिथे निळं-काळं होतं, बटाट्याच्या चकतीवर होतं तसंच.

मावशीचा पहिला प्रयत्न फसतो. पाणी लवकर निवलं, हिरवा रंग अर्धाच उतरला, आणि हिरव्यावर निळं की काळं ते कळेना. दुसऱ्यांदा ती पातेल्यातलं पाणी दोनदा बदलते. आता अंधारातलं पान आयोडीनने नुसतं तपकिरी होतं. उजेडातल्या पानावर मात्र हिरवे पट्टे होते तिथे काळेनिळे पट्टे उठतात, पांढऱ्या जागा नुसत्या तपकिरीच. मुलगी गिरवलेला कागद शेजारी धरते. पट्ट्याला पट्टा जुळतो.

“हजेरी लागली,” ती म्हणते, आणि वहीच्या मागच्या पानावर लिहिते : ‘पानाचा हिरवा भाग ऊन पकडतो. त्या जोरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांकडचं पाणी यांची साखर होते. ऑक्सिजन बाहेर जातो.’ खाली पुस्तकातली व्याख्याही ती लिहिते, कारण चाचणीत तीच विचारणार आहेत. पण आता तिचा एकेक शब्द तिला दिसतो.

मग तिचं लक्ष आज पुन्हा सुपात आलेल्या भाजीकडे जातं. “मावशी, लाल माठ तर हिरवा नाहीच. तो साखर कशी करतो?”

मावशी काही सांगत नाही. माठाचं एक पान उचलून ती पातेल्यातल्या गरम पाण्यात टाकते. पाणी हळूहळू गुलाबी होत जातं, आणि पानातला लाल रंग उतरतो तसा खालून हिरवा दिसू लागतो.