तुलना एकदाच करावी

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



अलिबाग तालुक्यात भाताचे पीक निघाल्यावर त्याच जमिनीत पांढऱ्या कांद्याची लागवड होते. पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर कार्ले, खंडाळे, वाडगाव या भागांत कांद्याच्या माळा विणल्या जातात आणि रस्त्याच्या कडेला विक्रीस टांगल्या जातात. गिऱ्हाइकांत मुंबईहून मांडव्याच्या धक्क्यावर उतरणारे पर्यटक पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी पाटी इंग्रजीत लिहिण्याची प्रथा पडली आहे. अशा पाटीवर काय लिहिले जाऊ शकते? ‘मोअर स्वीटर’, ‘मोअर बेटर’, ‘मोस्ट चीपेस्ट’. आजचा विषय हे तीन शब्दप्रयोग आहेत.

इंग्रजीत विशेषणाची तुलना दोन रीतींनी होते. विशेषण लहान असेल तर त्याच्या अखेरीस ‘अर’ किंवा ‘एस्ट’ हा प्रत्यय लागतो. ‘चीप’चे ‘चीपर’ व ‘चीपेस्ट’ होते. विशेषण लांब असेल तर त्यापूर्वी ‘मोअर’ किंवा ‘मोस्ट’ हा स्वतंत्र शब्द येतो, उदाहरणार्थ ‘मोअर एक्स्पेन्सिव्ह’. ‘गुड’सारखे थोडे शब्द मात्र आपले रूपच पालटतात आणि ‘बेटर’, ‘बेस्ट’ असे होतात. यांपैकी कोणतीही एक रीत वापरली की काम पूर्ण होते. ‘मोअर बेटर’ म्हणणे म्हणजे ‘अधिक अधिक चांगले’ म्हणणे होय.

ही चूक अज्ञानातून होते असे म्हणून सोडून देणे योग्य नाही. तिचे मूळ मराठीच्या घडणीत आहे. मराठीत ‘चांगला’ हे विशेषण लिंग व वचन यांप्रमाणे बदलते, परंतु तुलनेसाठी बदलत नाही. तुलनेचा भार ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ यांवर असतो. ‘लाल कांद्यापेक्षा पांढरा कांदा गोड’ हे वाक्य पूर्ण आहे. त्यात ‘अधिक’ घातले तरी चालते, न घातले तरी अडत नाही. मराठी मुलाच्या मनात तुलना नेहमी विशेषणाबाहेरच्या शब्दात असते. शाळेत ‘गुड, बेटर, बेस्ट’ ही ओळ पाठ होते, पण ‘बेटर’ या शब्दात ‘अधिक’ आधीच मुरलेले आहे हे ध्यानात राहत नाही. मग ‘अधिक’साठी ‘मोअर’ बाहेरून जोडले जाते.

इंग्रजांनाही हा प्रयोग अपरिचित नव्हता. शेक्सपिअरच्या ‘ज्यूलियस सीझर’ नाटकात दुहेरी श्रेष्ठत्वदर्शक रूप आहे, आणि त्या काळी जोर देण्यासाठी ते शिष्टसंमत होते. रॉबर्ट लाउथसारख्या अठराव्या शतकातील वैयाकरणांनी अशी रूपे दोषास्पद ठरविली. लाउथचे व्याकरण १७६२ साली प्रसिद्ध झाले. आज प्रमाण इंग्रजीत ही चूकच धरली जाते. मात्र जोर देण्याची गरज खरी आहे, आणि तिच्यासाठी ‘मच’ हा शब्द आहे. ‘मच बेटर’ म्हणजे ‘कितीतरी चांगले’, आणि ते शुद्ध आहे.

शिक्षकांना वर्गात एक सोपी कसोटी देता येईल. ‘मोअर’ किंवा ‘मोस्ट’ या शब्दावर बोट ठेवून तो झाकावा. उरलेल्या शब्दात तुलना दिसत असेल, तर झाकलेला शब्द काढून टाकावा. ‘बेटर’ एकटे उभे राहते, म्हणून ‘मोअर’ नको. ‘एक्स्पेन्सिव्ह’मध्ये तुलना दिसत नाही, म्हणून तेथे ‘मोअर’ हवे.

मराठीही या दोषापासून मुक्त नाही. ‘सर्वांत सर्वोत्कृष्ट’, ‘सर्वांत न्यूनतम दर’, ‘अधिक उच्चतर’ असे प्रयोग आढळतात. संस्कृतातील ‘तर’ व ‘तम’ हे प्रत्यय इंग्रजीतील ‘अर’ व ‘एस्ट’ यांचेच काम करतात. ‘न्यूनतम’ म्हटले की ‘सर्वांत’ त्यात आलेच. येथे एक मर्यादा मात्र सांभाळली पाहिजे. ‘उत्तम’, ‘श्रेष्ठ’, ‘ज्येष्ठ’ हे शब्द मुळात श्रेष्ठत्वदर्शक असले, तरी मराठीत ते साधी विशेषणे झाले आहेत. म्हणून ‘सर्वांत ज्येष्ठ सदस्य’ हा प्रयोग चुकीचा ठरविणे अतिरेकाचे होईल. यजुर्वेदाच्या आरंभीच ‘श्रेष्ठतम’ हा शब्द आहे, म्हणजे जुन्या प्रत्ययाची जाणीव पुसट होऊन नवा लागण्याची क्रिया फार प्राचीन आहे. शब्दातील तुलना बोलणाऱ्याला आजही जाणवते काय, एवढेच पाहावे. ‘न्यूनतम’मध्ये ती जाणवते, ‘ज्येष्ठ’मध्ये जाणवत नाही.

आता व्याकरणापलीकडील प्रश्न. शब्द दुहेरी झाला म्हणजे तुलना बळकट होते असा समज होतो, आणि तुलना कशाशी, कोणत्या गुणाची, कोणत्या मापाने, हे सांगावयाचे राहून जाते. पुन्हा पाटीकडे वळू. समजा, पहिल्या विक्रेत्याची माळ २ किलोची असून तिची किंमत १६० रुपये आहे. शेजारच्याची माळ अडीच किलोची असून किंमत १९० रुपये आहे. माळेमागे पाहिले तर पहिला स्वस्त वाटतो. किलोमागे हिशेब केला तर पहिल्याचा दर ८० रुपये व दुसऱ्याचा ७६ रुपये पडतो, आणि दुसरा स्वस्त ठरतो. शिवाय दोघांतच तुलना असेल, तर इंग्रजीत ‘चीपेस्ट’ नव्हे, ‘चीपर’ म्हणतात. ‘चीपेस्ट’साठी तीन किंवा अधिक वस्तू लागतात, आणि त्या सर्वांचे दर ठाऊक असावे लागतात.

‘स्वीटर’ या शब्दाचीही तीच गत. अलिबागचा कांदा गोड लागतो, याचे एक मोठे कारण त्याचा तिखटपणा कमी असणे हे आहे. कांद्याचा तिखटपणा गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो. ती कमी असली की कांद्यातील साखर जिभेला जाणवते. ती साखर इतर कांद्यांहून जास्त असलीच पाहिजे असे नाही. म्हणून ‘नेहमीच्या लाल कांद्यापेक्षा कमी तिखट’ हे विधान अधिक खरे आहे आणि गिऱ्हाईक ते चाखून पडताळू शकते. या कांद्याला भौगोलिक मानांकन लाभलेले असल्याने त्याच्या नावाने केलेल्या दाव्याची जबाबदारीही वाढते. मालाचे खोटे वर्णन करणारी जाहिरात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी ठरते. ‘सर्वांत’ हा शब्द लिहिणारा बाजारातील प्रत्येक मालाविषयी दावा करीत असतो.

हीच दृष्टी पंचायतीच्या तुलनात्मक तक्त्याला लागू पडते. दिवे किंवा बाके खरेदी करताना ‘सदर दर सर्वांत न्यूनतम असल्याने मंजूर’ असा शेरा लिहिला जातो. त्यातील एक शब्द जादा आहे आणि आवश्यक ते तीन तपशील गहाळ आहेत. किती दरपत्रके आली, सर्वांचे माप व प्रत एकच होती काय, आणि वाहतूक व कर धरून दर कोणता, हे त्यावरून कळत नाही. त्याऐवजी ‘एकाच प्रतीच्या दिव्यासाठी प्राप्त झालेल्या तीन दरपत्रकांपैकी, कर व वाहतूक धरून, सर्वांत कमी दर’ असे लिहावे. या वाक्यात तुलना एकदाच आली आहे, आणि लेखापरीक्षकाला ती कागदपत्रांवरून पडताळता येते.