जुने पोस्टर, जुनी पाटी: अस्सल कोणते?

माळ्यावर सापडलेले चित्रपटाचे पोस्टर किंवा बंद पडलेल्या दुकानातली एनॅमलची जाहिरात-पाटी अस्सल आहे का, असा प्रश्न हिंगोली, वसमत, कळमनुरी या भागांतून वारंवार येतो आणि विचारणारे बहुतेक जण पुरावा म्हणून पिवळा कागद वा गंजका पत्रा पुढे करतात. मात्र हा पुरावाच नव्हे, कारण कागद चहाच्या पाण्याने पिवळा करता येतो आणि पत्रा मिठाच्या पाण्याने काही दिवसांत गंजवता येतो. जुनेपणाचा रंग पाहून पैसे मोजू नयेत.

समजा, १९७५ च्या ‘शोले’चे पोस्टर समोर आले. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले तर चित्रात रंगीत ठिपके दिसतील. पण ऑफसेट, म्हणजे पत्र्याच्या साच्यावरून रबरामार्फत कागदावर उतरणारी छपाई, त्या काळीही होती, त्यामुळे ठिपक्यांवरून निवाडा होत नाही. निवाडा होतो तो तळाशी असलेल्या मुद्रकाच्या नावाच्या बारीक ओळीवर. मूळ छपाईत ही अक्षरे सहसा एकाच शाईची, भरीव आणि स्पष्ट काठांची असतात. पोस्टरची प्रतिमा घेऊन पुन्हा छापलेल्या प्रतीत मात्र तीच अक्षरे ठिपक्यांची बनतात आणि काठ धूसर होतात. पोस्टरे चित्रपटगृहांकडे घड्या घालून जात, म्हणून घडीवर हलकेच बोट फिरवावे: घडी दिसते पण बोटाला लागत नसेल, तर ती कागदावर पडलेली नसून छापलेली आहे. पिवळेपणा तर दोन्ही प्रतींवर सारखाच दिसू शकतो, हे पुन्हा सांगणे भाग आहे. १९३० च्या दशकातील म्हटलेला कागद अतिनील दिव्याखाली निळसर पांढरा चमकला, तर त्यात नंतर प्रचारात आलेले उजळपणाचे रसायन आहे असे समजावे.

एनॅमल म्हणजे पोलादी पत्र्यावर सुमारे आठशे अंश तापमानाला वितळवून बसवलेली काच. रंग एकावर एक भाजले जात असल्याने अक्षराच्या कडेवर नख फिरवताना बारीक पायरी जाणवते. टवका उडालेल्या जागी काचेसारखी धारदार कड, तिच्याखाली गडद अस्तर आणि मग गंज, असा क्रम अस्सल पाटीत दिसतो. नकली पाटीत गंज रंगाच्या वर बसवलेला असतो. खिळ्यांची भोके भाजण्यापूर्वीच पाडत असल्याने त्यांच्या काठावरही एनॅमल उतरलेले असते. तरीही काही नव्या पाट्या खरोखरच भाजलेल्या असतात, म्हणून मागची बाजू आणि भोकांभोवतीची झीज पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये. उर्दू मजकुरावरून पाटी निजामी राजवटीतली ठरत नाही.

आणि कृपा करून, पोस्टर सापडताच ते लॅमिनेट करून घेऊ नये! गरम प्लास्टिकखाली एकदा गेलेला कागद परत मिळत नाही, बोटाने घडी तपासता येत नाही, आणि हे घरोघरी मोठ्या प्रेमाने केले जाते याचेच दुःख वाटते. चिकटपट्टीही लावू नये. सपाट, कोरड्या जागी आम्लरहित कागदाच्या दोन पानांमध्ये ठेवून ते जाणकाराकडे न्यावे.