चलन आणि विवरणपत्राची जुळणी

भिलाईतल्या एखाद्या फॅब्रिकेशन कारखान्याने जूनमध्ये ठेकेदाराच्या बिलातून २०,००० रुपये टीडीएस कापला आणि तो १० जुलैला भरला, असे धरू. मुदत ७ जुलैची असल्याने दोन महिन्यांचे, दरमहा दीड टक्क्याने ६०० रुपये व्याज लागते. चलनावरची एकूण रक्कम २०,६०० असते. म्हणून कर आणि व्याज वेगळे नोंदवावे लागतात. भरणा जुलैतला असला, तरी कपात एप्रिल ते जून या तिमाहीच्या विवरणपत्रात जाते.

चलनाची ओळख बँक शाखेचा सात अंकी बीएसआर कोड, भरण्याची तारीख आणि पाच अंकी अनुक्रमांक यांवरून पटते. एक्सेलमध्ये ००४१२ चे ४१२ झाले, तर जुळणी फसते. म्हणून हे रकाने मजकूर म्हणून ठेवावेत.