‘हो’ की ‘नाही’ : पात्रतेच्या नियमांची प्रश्नावली
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले निवेदन)



सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. हे आपणांस ठाऊक आहेच. आज मी बोलणार आहे ते या योजनेचा लाभ कोणास मिळतो हे सांगणाऱ्या, आमच्या खिडकीवर लावलेल्या एका परिच्छेदाविषयी.

त्या परिच्छेदाचा आशय असा होता : “ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न विहित मर्यादेपेक्षा अधिक नाही व ज्यांच्यापाशी तहसीलदारांचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका आहे, अशा रुग्णांस, खाट उपलब्ध असल्यास, सवलत देय राहील, आपत्कालीन रुग्णांस मात्र अनामत रकमेची अट लागू नाही.” वाक्य एकच, परंतु त्यात पाच अटी आहेत. ‘व’ने जोडलेल्या अटी साऱ्याच पूर्ण व्हाव्या लागतात, ‘किंवा’ने जोडलेल्यांपैकी एक पुरते. घाईत वाचणारा नातेवाईक दोन्ही कागद हवेत असे समजून परत फिरे. ज्याला सर्वाधिक घाई, त्याच्यासाठीचा नियम तर अगदी शेवटी होता.

म्हणून आम्ही एकेका अटीचा एकेक प्रश्न केला व प्रत्येक उत्तरापुढे पुढची वाट लिहिली :

१. रुग्णाची स्थिती आपत्कालीन असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे काय? हो : अनामत न घेता आधी दाखल करावे, उरलेले प्रश्न नंतर. नाही : प्रश्न २.

२. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आहे काय? हो : प्रश्न ४. नाही : प्रश्न ३.

३. दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका आहे काय? हो : निर्धन रुग्ण. नाही : वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे, अर्ज फेटाळलेला नाही.

४. दाखल्यावरील उत्पन्न रु. १,८०,००० किंवा त्याहून कमी आहे काय? हो : निर्धन रुग्ण. नाही : प्रश्न ५.

५. ते रु. ३,६०,००० किंवा त्याहून कमी आहे काय? हो : दुर्बल घटक. नाही : या योजनेत बसत नाही, अन्य साहाय्यासाठी समाजसेवकांकडे जावे.

यातील तीन गोष्टींकडे लक्ष वेधतो. पहिली, नकारार्थी प्रश्न आम्ही टाळले. “उत्पन्न जास्त नाही ना?” यास कोणी “हो” म्हटले, तर जास्त आहे असे समजावे की नाही असे? दुसरी, ‘पेक्षा कमी’ ऐवजी ‘किंवा त्याहून कमी’ असे लिहिले. अन्यथा नेमके १,८०,००० उत्पन्न असलेला पात्र रुग्ण बाहेर राहिला असता. तिसरी, खाट रिकामी आहे का, हा प्रश्न अर्जदारास विचारलेलाच नाही. त्याचे उत्तर त्याच्यापाशी नसून आमच्या नोंदवहीत असते. तो रकाना कार्यालयाने भरावयाचा आहे.

एक उदाहरण घेऊ. नालासोपाऱ्याचे एक कुटुंब आहे असे समजा. वडील रिक्षा चालवून महिना ९,००० मिळवितात, मुलगी दुकानात ७,००० मिळविते. आईच्या शस्त्रक्रियेसाठी अर्ज आला. “उत्पन्न किती?” असे तोंडी विचारले, तर वडील आपलेच सांगतील : वर्षाचे १,०८,०००, म्हणजे निर्धन. परंतु दाखल्यावर कुटुंबाचे उत्पन्न १,९२,००० आहे. चौथ्या प्रश्नास ‘नाही’, पाचव्यास ‘हो’. म्हणजे दुर्बल घटक. अशा रुग्णास औषधे व साहित्याच्या खरेदी किमतीचा किमान निम्मा भाग भरावा लागतो. ती किंमत १२,००० असेल, तर किमान ६,००० रुपयांची तजवीज करावी लागेल, हे कुटुंबास पहिल्याच दिवशी कळते. घरी सोडण्याच्या दिवशी बिल पाहून धक्का बसत नाही. यासाठीच आमचा प्रश्न ‘उत्पन्न किती’ असा नसून ‘दाखल्यावरील उत्पन्न’ असा आहे.

प्रश्नावली योग्य झाली की नाही, हे पडताळण्याचा मार्ग सोपा आहे. निर्णय झालेले जुने अर्ज, त्यांचा निकाल झाकून, नव्या कर्मचाऱ्याने प्रश्नावलीतून न्यावेत. उत्तर वेगळे आले, तर एक तर प्रश्न चुकला आहे अथवा पूर्वीचा निर्णय. दोन्हीही कळणे आवश्यक आहे.

तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कागद खरा की खोटा, हे ती सांगत नाही. ते समाजसेवकांचे काम आहे. शिवाय उत्पन्नाची मर्यादा बदलत असते. २००६ साली निर्धनांसाठी ती २५,००० होती. म्हणून पत्रकाच्या तळाशी दिनांक छापला आहे, आणि मर्यादा बदलताच जुनी पत्रके खिडकीवरून काढून घेण्याची जबाबदारी माझ्या कार्यालयाने स्वीकारली आहे.

आपण सभागृहाबाहेर पडताना एक प्रत अवश्य न्यावी, स्वतः भरून पाहावी आणि जेथे अडखळाल तो प्रश्न आम्हांस कळवावा, ही नम्र विनंती.